गोठ्याच्या रक्त तपासणीचा निकाल आणि घरच्यांची काळजी

संगमनेर, १२ जून

दत्तूभाऊंना सप्रेम नमस्कार,

काल फोनवर निकाल सांगितला तेव्हा तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, "शनिवारच्या बाजारात दोन गाया काढून टाकू का? कुणाला कळायचं नाही." त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून हे पत्र. वहिनींना आणि सागरलाही वाचायला द्या. धारा तेच काढतात.

मोठ्या ११ गायांचं रक्त नेलं होतं, त्यातल्या ४ गायांना ब्रुसेलोसिस निघाला. आधी रोझ बंगाल चाचणी केली, मग एलायझाने खात्री केली. सातव्या महिन्यात गाभडलेली कपिली त्यात आहे. दिवाळीत बाजारातून आणलेली बांडीही आहे. आजार बांडीबरोबरच आला हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तिची तपासणी न करता ती थेट दावणीला बांधली गेली, हे खरं. बाकीच्या दोघी वरून ठणठणीत दिसतात. या रोगाची खोड हीच आहे. गाय चारा खाते, दूध देते, आणि गाभडताना किंवा विण्याच्या वेळी वार, पाणी, मेलेलं वासरू यांतून कोट्यवधी जंतू गोठ्यात सांडते. दुधातूनही ते येत राहतात.

गाईला यावर खात्रीचं औषध नाही. कुणी इंजेक्शनचा कोर्स विकायला आला तर पैसे घालवू नका. त्या चौघींना पलीकडच्या शेडमध्ये हलवा, त्यांची गव्हाण आणि पाण्याची टाकी वेगळी ठेवा, धार सगळ्यात शेवटी काढा. आणि बाजाराचं म्हणाल तर, तुम्हाला बांडी जशी मिळाली तशीच ती दुसऱ्या कुणाला मिळेल, एवढंच. २००९ च्या कायद्यात हा आजार कळवणं बंधनकारक आहे. मी दवाखान्यात कळवतो आहे, तुमच्यापासून लपवून नाही.

आता माणसांचं. तुम्ही हे कमी मनावर घेतलंत असं मला वाटलं.

कपिलीची वार अडकली तेव्हा सागरने उघड्या हाताने ओढली. मी पोचलो तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत भरलेला होता, आणि बोटाला विळ्याची जखम. जंतू शिरायला एवढं पुरे. ताप लगेच येत नाही. आठवड्यानेही येतो, दोन महिन्यांनीही. संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामाने अंथरूण ओलं होतं, सकाळी बरं वाटतं. कंबर, सांधे दुखतात, पुरुषांमध्ये वृषण सुजतात. मला स्वतःला हा झाला होता, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, अशाच एका वारेपायी. दोनदा टायफॉइड समजून औषधं दिली गेली, कारण गुरांत काम करतो हे मी सांगितलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही. म्हणून तुम्ही चौघे या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, "गोठ्यात ब्रुसेलोसिस निघालाय" हे पहिल्या वाक्यात सांगा आणि रक्त तपासून घ्या. आज निकाल चांगला आला तरी पुढे ताप आला की पुन्हा तपासा. उपचार आहेत, पण दोन औषधं मिळून साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली की आजार परततो.

सूनबाईंना पाचवा महिना आहे ना? त्यांनी गोठ्यात पाऊल टाकू नये, शेणसुद्धा काढू नये. गरोदरपणात हा आजार झाला तर गर्भपाताची भीती असते. त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुधाला चांगली उकळी आली की जंतू मरतात, त्यामुळे उकळलेलं दूध, चहा, त्याचं दही यांची भीती नाही. नातवाला धारोष्ण पाजायची तुमची हौस मात्र आजपासून बंद. कच्च्या दुधाचं लोणी किंवा पनीरही नको. गावात रतीब जातो त्या घरांना उकळायला सांगा. तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी सांगतो.

यापुढे गाय विताना किंवा गाभडताना मला बोलवा. मी नसलो तर खांद्यापर्यंतचे हातमोजे, तोंडाला मास्क, पायात गमबूट. वार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरा. मागच्या वेळी कुत्र्याने वार ओढत नेली होती, ते आठवतंय ना?

बाकी ७ गायांचं रक्त दोन महिन्यांनी पुन्हा घेऊ. तोवर नवी गाय नको, यातली विकायचीही नाही. दोन्ही कालवडी चार ते आठ महिन्यांच्या वयात बसतात, त्यांना लस देतो. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते आणि जिवंत जंतूंची असते, म्हणून टोचताना सागरला जवळ उभं करू नका.

रविवारी सकाळी आठला येतो. चुन्याची दोन पोती आणि धुण्याचा सोडा आणून ठेवा.

आपला,
डॉ. अविनाश