लिपिक पदाच्या राजीनाम्याबाबत

दि. 7 ऑक्टोबर 2024

प्रति,
मा. शाखाधिकारी,
कराड शाखा

विषय : लिपिक पदाचा राजीनामा

महोदय,

मी 2011 पासून बँकेच्या सेवेत असून सध्या आपल्या शाखेत लिपिक म्हणून काम करतो. कुडाळजवळ गावी राहणाऱ्या माझ्या आईला जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू अजून उठलेली नाही. तिला भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळ्याला माणूस लागते आणि घरात दुसरे कोणी नाही. शिल्लक रजा संपली. बिनपगारी रजा वाढवण्याचे आपण सुचवलेत, त्याबद्दल आभारी आहे. पण हे दोन-चार महिन्यांत उरकणारे नाही, आणि टेबल अडवून ठेवणे मला पटत नाही. कोकणात बदली मागून पाहिली, जागा नव्हती.

म्हणून मी राजीनामा देत आहे. एक महिन्याची सूचना धरून 6 नोव्हेंबरला कार्यालयीन वेळेनंतर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यांसाठी झुंबड उडते, तेव्हाच जावे लागतेय याचे वाईट वाटते. त्यांची यादी आणि क्लिअरिंगच्या नोंदी सौ. शिंदे मॅडमना आताच समजावून देत आहे. लॉकर विभागाच्या किल्ल्या शेवटच्या दिवशी सही घेऊन सोपवीन.

माझ्या वाहनकर्जाची बाकी ग्रॅच्युइटीतून वळती करून उरलेली रक्कम व भविष्य निर्वाह निधी मिळावा. अनुभवाचा दाखलाही द्यावा.

आपला विश्वासू,
संतोष परब
लिपिक