मोहेंजोदडो: विहिरीपासून गटारापर्यंत

(इयत्ता सहावी. पाच स्लाइडचा पाठ गोष्टीच्या रूपात. सोबत पुठ्ठ्याच्या दोन विटा ठेवाव्यात: ७ × १४ × २८ सेंटीमीटर.)

(स्लाइड १. शीर्षक झाकून फक्त फोटो.)

मुलांनो, फोटोत हे उंच, गोल, विटांचं काय उभं आहे? सांगा बघू.

(तीन-चार उत्तरं घ्या.)

मनोरा? धुराडं? दिसतंय तसंच. पण ही आहे विहीर! विहीर तर जमिनीच्या पोटात असते, मग ही अशी वर कशी आली?

ऐका. सिंधू नदीच्या काठी, आजच्या पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, साडेचार हजार वर्षांपूर्वी एक मोठं शहर होतं. आज त्याला आपण मोहेंजोदडो म्हणतो. तिथे जुनं घर पडलं की लोक त्याचा ढिगारा सपाट करायचे आणि त्यावरच नवं घर बांधायचे. असं शेकडो वर्षं चाललं आणि जमीन उंच होत गेली. विहिरीचं तोंड खालीच राहिलं असतं तर सगळी माती आत पडली असती. म्हणून दरवेळी विहिरीची भिंतही थोडी वर चढवायची. पुढे शहर ओस पडलं, मातीखाली गेलं. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. पुढच्या खोदकामात भोवतालची माती निघाली आणि विहीर तेवढी उभी राहिली.

(स्लाइड २. विहिरीच्या विटा जवळून.)

आता आपण त्या काळात जाऊ. एक मुलगी विहिरीवर पाणी भरायला आली आहे. तिचं नाव? ठाऊक नाही. तिथल्या मुद्रांवर अक्षरं कोरलेली आहेत, पण ती अजून कुणालाच वाचता आलेली नाहीत. ही मुलगी आपल्या कल्पनेतली आहे. विहीर मात्र खरी.

ती आत डोकावते. विटा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळत्या. असं का? साध्या विटा गोल मांडल्या तर मागच्या बाजूला फटी राहतात आणि बाहेरच्या मातीच्या रेट्याने वीट आत सरकू शकते. निमुळती वीट आत सरकायला लागली की शेजारच्या दोघींमध्ये आणखी घट्ट बसते.

(स्लाइड ३. घराची भिंत. पुठ्ठ्याच्या विटा हातात घ्या.)

पाणी घेऊन मुलगी गल्लीत वळते. घरांची दारं बहुतेक गल्लीतच उघडतात, मोठ्या रस्त्यावर नाही. ही बघा तिच्या घराची वीट. जाडी ७, रुंदी १४, लांबी २८. काय लक्षात आलं? बरोबर, दरवेळी दुप्पट!

(दोन्ही विटा शेजारी-शेजारी आडव्या ठेवा.)

दोघींची रुंदी मिळून किती? २८, म्हणजे एका विटेची लांबी! म्हणून एक थर आडवा, एक उभा असा नेमका बसतो. सांध्यावर सांधा आला असता तर भेग सरळ वरपासून खालपर्यंत गेली असती. आणि या विटा भाजलेल्या आहेत, कारण कच्ची वीट पाण्यात विरघळते.

(स्लाइड ४. न्हाणी आणि गटार. इथे सावकाश सांगा.)

मुलगी न्हाणीत अंघोळ करते. फरशी विटांचीच, एका कोपऱ्याकडे उतार दिलेली. पाणी भिंतीतून बाहेर जातं आणि रस्त्याच्या गटाराला मिळतं. गटारावर विटांची किंवा दगडाची झाकणं.

पण पाण्याबरोबर गाळही येतो. तो साचला तर काय होईल? पाणी तुंबेल आणि उलट घराकडे येईल. म्हणून मध्ये मध्ये खड्डे केलेले असत. जड गाळ खड्ड्यात बसायचा, पाणी पुढे जायचं. झाकणं उचलून गाळ काढता यायचा. काही गटारांच्या कडेला संशोधकांना वाळूचे ढीग सापडले! गाळ उपसला होता, पण उचलून न्यायचा राहिला.

(स्लाइड ५. महास्नानगृह. एकच मिनिट.)

आणि हा शहरातला मोठा तलाव: १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल. गळू नये म्हणून विटांमागे डांबरासारख्या पदार्थाचा थर. पाणी शेजारच्या विहिरीतून, आणि तलाव रिकामा करायला कोपऱ्यात वाट.

आता वही काढा. एका गल्लीत चार घरं काढा, प्रत्येकाचं सांडपाणी गटाराला जोडा. उतार बाणाने दाखवा. गाळाचा खड्डा एकच करायचा आहे: तो कुठे कराल, आणि तिथेच का?