मोल कन्सेप्ट आणि स्टॉइकिओमेट्री : सईसाठी दोन आठवड्यांची उजळणी

सई,

तुझा प्रिलिमचा पेपर वहिनींनी पाठवला, तो नीट पाहिला. समीकरणं बॅलन्स केलेली आहेत, भागाकारही बरोबर आहेत. मार्क गेलेत ते एकाच कारणानं. दिलेला आकडा ग्रॅमचा, लिटरचा की मोलचा हे न बघताच तू त्रैराशिक मांडून मोकळी होतेस. म्हणून हे दोन आठवडे त्रैराशिक बंद. कुठलंही गणित असो, पहिल्या ओळीत दिलेल्या वस्तूचे मोल काढायचे, मगच पुढे जायचं. खालचं सगळं वेळापत्रक या एका सवयीसाठी आहे.

रोज संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ, एवढाच वेळ या धड्याला. त्यानंतर गणित आणि हिस्टरी, त्यात केमिस्ट्री घुसवू नकोस. एक दोनशेपानी वही घे. डाव्या पानावर गणित, उजवं पान चुकांसाठी कोरं. कॅल्क्युलेटर कपाटात.

पहिला सोमवार

आज गणित नाही, स्वयंपाकघरात जा. वहिनींच्या वजनकाट्यावर ३४२ ग्रॅम साखर, ५८.५ ग्रॅम मीठ आणि १८ ग्रॅम पाणी मोज. पाण्याला काटाही नको, औषधाच्या झाकणानं १८ मिली घेतलंस तरी चालेल. तिन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेव. साखरेचा ढीग, मिठाची लहान वाटी आणि घोटभर पाणी, प्रत्येक एक मोल आहे. साखरेत आणि पाण्यात रेणू सारखेच, ६.०२२ × १०²³. मिठात रेणू नसतात, आयनांच्या तेवढ्याच NaCl जोड्या असतात, म्हणून मिठाला ‘फॉर्म्युला युनिट’ म्हणायचं. हा फरक एका मार्काला विचारतात.

वायूचा एक मोल बघायचा तर दारातला पाण्याचा २० लिटरचा जार आणि वर जवळजवळ अडीच लिटर, म्हणजे २२.४ लिटर. पण हा आकडा ०° सेल्सिअस आणि ७६० मिमी पाऱ्याच्या दाबाचा. तापमान ३० अंश झालं आणि दाब तोच धरला, तर तोच मोल २२.४ × ३०३ ÷ २७३, म्हणजे सुमारे २४.९ लिटर जागा घेईल. म्हणूनच प्रश्नात ‘एसटीपी’ लिहिलंय का ते आधी बघायचं. तुझा अकरावीतला दादा २२.७ म्हणेल. त्याच्या पुस्तकात दाब १ बार धरलेला असतो. त्याच्याशी वाद घालू नकोस, तुझ्या बोर्डाला २२.४ च.

साखर-मीठ परत डब्यात.

मंगळवार ते गुरुवार

हे तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, इथे घाई केलीस तर पुढचं सगळं डळमळेल. एकच वस्तू घेऊन ती सगळ्या रूपांत लिहायची. नमुना देते. ४.४ ग्रॅम CO₂. मोलर मास ४४, म्हणजे ०.१ मोल. त्यावरून

एसटीपीला आकारमान ०.१ × २२.४ = २.२४ लिटर
रेणू ०.१ × ६.०२२ × १०²³ = ६.०२२ × १०²²
एकूण अणू त्याच्या तिप्पट, १.८०६६ × १०²³
ऑक्सिजनचे अणू रेणूंच्या दुप्पट, १.२०४४ × १०²³

रेणू विचारलेत की अणू, हे पेन्सिलनं अधोरेखित केल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नकोस. प्रिलिमला प्रश्न २ मध्ये तू नेमकं इथेच रेणूंवर थांबलीस.

मंगळवारी ग्रॅमपासून सुरू होणारी दहा गणितं, बुधवारी लिटरपासून, गुरुवारी रेणूसंख्येपासून. वस्तू मी देते: NH₃, H₂SO₄, O₂, CaCO₃, CH₄, HCl, N₂, NaOH, SO₂, साखर. यातल्या ज्या घन किंवा द्रव आहेत त्यांच्यापुढे २२.४ लिहिलंस तर ते पान फाडायचं. २२.४ फक्त वायूला. बुधवारी घन आणि द्रव गाळून प्रत्येक वायूची दोन गणितं कर, बारा होतात.

मोलर मास रोज नव्यानं बेरीज करत बसू नकोस. ९८, १००, ४०, ४४, १७, ३६.५ हे आकडे पाढ्यासारखे तोंडावर पाहिजेत. मात्र पेपरात अणुभार दिलेले असतात आणि तेच घ्यायचे. Cu कधी ६३.५ असतो, कधी ६४.

शुक्रवार

गे-ल्युसॅकचा नियम. सोपा आहे, एक दिवस पुरे. समीकरणातले आकडे म्हणजेच वायूंच्या आकारमानांचं प्रमाण, फक्त तापमान आणि दाब सारखे असले की झालं. इथे मोलसुद्धा काढायचे नाहीत, माझ्या नियमाला हा एवढाच अपवाद.

C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O

१०० घन सेमी प्रोपेन, ६०० घन सेमी ऑक्सिजन. ऑक्सिजन ५०० वापरला, १०० उरला. CO₂ ३०० तयार झाला. खोलीच्या तापमानाला परत आणल्यावर वायू किती? ४००. पाण्याची वाफ थंड होऊन द्रव झाली, ती मोजायची नाही, आणि उरलेला ऑक्सिजन विसरायचा नाही. प्रश्नकर्त्याची आवडती मेख हीच.

शनिवार

व्हेपर डेन्सिटी. मोलर मास = २ × व्हेपर डेन्सिटी. सूत्र सगळ्यांना येतं, सिद्धता लिहिताना मात्र हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा असतो ही ओळ गळते, आणि ती दोनची सगळी गंमत तिथूनच येते. सिद्धता दोनदा न बघता लिही. व्हेपर डेन्सिटीला एकक नसतं.

रविवार

सकाळी सुट्टी. मिसळ खा, रंकाळ्यावर चक्कर मार. संध्याकाळी फक्त उजवी पानं वाच आणि चुकलेली गणितं कोऱ्या कागदावर परत कर. नवीन काही नाही.

दुसरा सोमवार

टक्केवारी. दादांच्या ऊसवाल्या मित्राकडे युरियाचं रिकामं पोतं असेल, त्यावर नायट्रोजन ४६ टक्के छापलेलं असतं. तू ते स्वतः काढ. NH₂CONH₂ = ६०, त्यात N चे २८. २८ ÷ ६० × १०० = ४६.६७. हा शुद्ध युरियाचा आकडा, पोत्यावरचा त्याहून थोडा कमी. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नायट्रोजन बसतो. मग NH₄NO₃ (३५ टक्के) आणि (NH₄)₂SO₄ (२१.२१ टक्के) काढून कुठलं खत नायट्रोजनसाठी सरस ते कारणासह लिही.

स्फटिकजल आजच उरक. Na₂CO₃·10H₂O मध्ये पाणी १८० ÷ २८६, म्हणजे ६२.९४ टक्के. त्या टिंबाचा अर्थ गुणाकार नाही, तिथे बेरीज करायची.

मंगळवार, बुधवार

एम्पिरिकल आणि मॉलिक्युलर फॉर्म्युला. तक्ता आखूनच करायचं: मूलद्रव्य, टक्के, अणुभार, भागाकार, सर्वांत लहान आकड्यानं भागून प्रमाण, पूर्णांक. तक्त्याचे मार्क वेगळे मिळतात.

लोखंड ७० टक्के, ऑक्सिजन ३०. ७० ÷ ५६ = १.२५, ३० ÷ १६ = १.८७५. प्रमाण १ : १.५. इथे १.५ चे २ करून FeO₂ लिहिणारी पोरं दरवर्षी भेटतात. दोन्हीला २ नं गुण, Fe₂O₃ येईल. १.३३ आलं तर ३ नं गुणायचं. १.०२ किंवा १.९८ आलं तरच जवळचा पूर्णांक घ्यायचा.

दुसरा नमुना: C ४०, H ६.६७, O ५३.३३, व्हेपर डेन्सिटी ३०. एम्पिरिकल CH₂O, त्याचं वजन ३०. मोलर मास ६०, n = २, उत्तर C₂H₄O₂. व्हेपर डेन्सिटीच्या ३० ला एम्पिरिकल वजनानं भागून n = १ काढलंस तर गेलं. आकडे मुद्दाम सारखे देतात.

दोन दिवसांत अशी बारा गणितं. जास्त नकोत, याचा कंटाळा लवकर येतो.

गुरुवार, शुक्रवार

आता स्टॉइकिओमेट्री. पहिल्या आठवड्यातली सवय लागली असेल तर हे अवघड जाणार नाही. समीकरण, मोल, प्रमाण, मग मागितलेलं एकक.

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂

२५ ग्रॅम CaCO₃ म्हणजे ०.२५ मोल. CO₂ ०.२५ मोल = ५.६ लिटर. HCl ०.५ मोल = १८.२५ ग्रॅम. CaCl₂ ०.२५ × १११ = २७.७५ ग्रॅम. एकदा ०.२५ हातात आलं की तीन उपप्रश्न तीन ओळींत सुटले.

आता उलटं: २० ग्रॅम अशुद्ध चुनखडीतून एसटीपीला ४.०३२ लिटर CO₂ निघाला. ०.१८ मोल, म्हणजे १८ ग्रॅम CaCO₃, शुद्धता ९० टक्के.

(NH₄)₂Cr₂O₇ → N₂ + 4H₂O + Cr₂O₃ हे समीकरण पाठच कर, वारंवार येतं. ६३ ग्रॅम घेतलं तर ०.२५ मोल. N₂ ५.६ लिटर आणि Cr₂O₃ ३८ ग्रॅम येतंय का ते पडताळ.

आणि एक आपल्याकडचं. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळून SO₂ सोडतात. ८ किलो गंधक जाळलं तर SO₂ किती किलो आणि एसटीपीला किती लिटर? २५० मोल धरून १६ किलो आणि ५६०० लिटर येईल. किलोचे ग्रॅम करायला विसरलीस तर ५.६ लिटर येईल, तेव्हा उत्तर शोभतंय का ते स्वतःलाच विचार.

शनिवार

घड्याळ लावून. मागच्या पाच वर्षांच्या पेपरांमधले फक्त या धड्याचे प्रश्न वहिनींनी कापून ठेवलेत, ते ओळीनं सोडव. प्रत्येक मार्काला दीड मिनिट धर, कारण खऱ्या पेपरात ८० मार्कांना दोन तास असतात. अडलीस की पुढे जा. विभाग ब मधले चारच प्रश्न निवडायचे असतात, त्यामुळे वाचनाच्या पंधरा मिनिटांत मोलचा प्रश्न आधी शोध. भाषेच्या उत्तरात अर्धा मार्क कापला जातो, इथे उत्तर बरोबर तर मार्क पूर्ण. एककं मात्र प्रत्येक ओळीत लिही.

तपासायला मला फोटो पाठव, रात्री नऊपर्यंत. मी लाल पेन वापरणार आहे, रडायचं नाही.

रविवार

सकाळी माझ्याकडे ये, राजारामपुरीत. वही घेऊन ये, उजव्या पानांसकट. चुकलेल्या प्रकारातली चार-पाच गणितं मी तोंडी विचारेन, तू फक्त पहिली ओळ सांगायची, मोल किती. उत्तरं काढत बसायचं नाही. तासाभरात मोकळी होशील. दुपारनंतर या धड्याला हात लावायचा नाही, ऑरगॅनिक अजून तसंच पडलंय.

— आत्या