मावशी, उद्यापासून मेसमध्ये तुमचा आवाज नसणार

मावशी, आधी बसा. नाही, किचनमध्ये कोणी बघायला नकोय, ताई आहेत दोघी, भात त्या उतरवतील. आज जेवण आम्ही वाढणार आणि तुम्ही पहिल्या पंगतीला बसणार हे मेस कमिटीत ठरलंय, त्यामुळे आता ऐकूनच घ्या. मला माईकवर बोलायची सवय नाही म्हणून लिहून आणलंय, वाचूनच दाखवते.

गेला आठवडाभर सगळ्या जणी एकच बोलतायत की मावशी आमच्या आईसारख्या होत्या. ते खरंच आहे, पण मला आज दुसरं काहीतरी सांगायचंय. माया तर तुम्ही केलीतच, पण तुम्ही तुमच्या कामात उस्ताद आहात आणि हे तुम्हाला कोणी कधी तोंडावर सांगितलेलं नाही. आमचा प्रोजेक्ट चांगला झाला की सर्टिफिकेट मिळतं, फोटो निघतो. तुम्ही 2012 पासून इथे रोज सव्वाशे मुलींचा स्वयंपाक दोन वेळा वेळेवर ताटात आणलात आणि त्यावर आम्ही काय बोललो, तर "आज परत दुधी का?"

मी मेस कमिटीत आल्यावर सकाळी किचनमध्ये यायला लागले तेव्हा मला कळलं की तुमचं काम गॅस पेटवायच्या आधीच सुरू होतं. तुम्ही दारात उभं राहून आधी आभाळ बघता, मग कॅलेंडर बघता. पाऊस असेल तर म्हणता, आज पोरी बाहेर खायला जात नाहीत, दोन किलो तांदूळ वाढव. चतुर्थी असेल तर पोळ्यांची कणीक कमी आणि साबुदाणा आदल्या रात्रीच भिजलेला. सबमिशनचा आठवडा असेल तर सकाळी कोणी जेवत नाही, सगळ्या रात्री साडेआठनंतर एकदम येतात, म्हणून आमटी मागे ठेवून शेवटी परत उकळायची. हे सगळं कुठल्या वहीत लिहिलेलं नाहीये, मी शोधलं होतं खरंच. आणि रात्री पातेलं घासायला जायचं तेव्हा त्यात जेमतेम दोन-तीन पळ्या उरलेल्या असायच्या. सव्वाशे माणसांचा अंदाज इतका बरोबर येणं म्हणजे काय असतं हे मला त्या महिन्याचं सामानाचं बिल बघून समजलं.

आणि ती शेवभाजी. फर्स्ट इयरला जळगावची एक मुलगी आली होती, दिवाळीनंतर घरून परत आली की दोन-दोन दिवस नुसता वरणभात चिवडत बसायची. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत, डायरेक्ट तिच्या आईला फोन लावायला सांगितलात आणि अर्धा तास उभ्याने बोललात, कांदा किती काळा करायचा, खोबरं किती भाजायचं, शेव कुठली घ्यायची. घरात चार माणसांची शेवभाजी करणं वेगळं, इथे शेव पातेल्यात टाकली तर शेवटच्या मुलीपर्यंत तिचा गाळ होणार. मग तुम्ही काय केलंत, रस्सा मंद आचेवर ठेवलात आणि काउंटरवर स्वतः उभ्या राहिलात, प्रत्येकीच्या वाटीत आधी जाड शेव, वरून उकळता रस्सा, की पुढची. सव्वाशे वाट्या. पहिलीला जशी मिळाली तशीच शेवटचीला मिळाली. ती जळगावची मुलगी त्या दिवशी तीन वेळा रांगेत आली आणि तिसऱ्यांदा तुम्ही तिला आईला फोन करून सांग म्हणालात, "म्हणावं सोलापूरच्या बाईला जमलं."

सोलापूरच्या बाईने आम्हाला सोलापूर पण खायला घातलंच. शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटलेलीच पाहिजे, मिक्सरला लावली तर तेल सुटत नाही, ह्यावरून तुमचं आणि सप्लायरचं झालेलं भांडण मी ऐकलंय. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि ती वांगं, हरभरा, गाजर, घेवडा सगळं घातलेली भाजी, पुण्यातल्या किती हॉस्टेलमध्ये मिळत असेल? आम्ही मिटक्या मारत खायचो आणि त्याच दिवशी तिकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता पडत असायच्या, आणि तुम्ही इथे भाकऱ्या थापत असायच्या. जानेवारीत हॉस्टेल फुल असतं, रजा मिळणार नाही, हे तुम्ही दरवर्षी स्वतःच ठरवून टाकायचात. इतक्या वर्षांत नंदीध्वज फक्त मोबाईलवर बघितले तुम्ही. ही गोष्ट मला फार लागली मावशी. पुढच्या संक्रांतीला तुम्ही होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत असाल, ह्या एका गोष्टीसाठी तरी तुम्ही जाताय त्याचा मला आनंद होतोय.

लॉकडाऊनच्या वेळी आमच्यातली कोणीच इथे नव्हती, पण सीनियर मुली अजून सांगतात. 2020 च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या, नॉर्थईस्टच्या आणि लांबच्या काही मुली अडकल्या, तेव्हा तुम्ही घरी न जाता इथेच थांबलात, त्या मुलींना पोळी नको असायची म्हणून रोज भात आणि मिळेल ती पालेभाजी. त्यातली एक गुवाहाटीहून बोललीये, तिचा व्हिडिओ जेवण झाल्यावर दाखवतो. हिंदीत आहे, पण शेवटी "मावशी, जेवलात का?" असं मराठीत विचारलंय तिने.

आजारपणाचं मी फार बोलत नाही, ज्यांच्या ज्यांच्या खोलीत तुम्ही मऊ भात आणि मेतकूट घेऊन तीन जिने चढून आलात त्यांना ते माहितीये. फक्त एवढंच की तेव्हासुद्धा तुमचे गुडघे दुखतच होते आणि आम्ही एकीनेही "मावशी मी खाली येते" म्हटलं नाही ते आज वाईट वाटतं. डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करा सांगितलंय ना, मग मुलाकडे जाऊन परत शेजारच्यांच्या डब्यांच्या ऑर्डर घ्यायच्या नाहीत. तुमचा स्वभाव माहितीये म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय.

ताई दोघींना पण सांगायचंय, मावशी गेल्या म्हणून पहिल्या दिवसापासून तीच चव पाहिजे असं आम्ही म्हणणार नाही. मीठ कमी-जास्त झालं तर आम्ही काउंटरवर येऊन नीट सांगू, ग्रुपवर फोटो टाकणार नाही. आणि आठवड्याची सुट्टी आता किचनमधल्या प्रत्येकीला मिळणार, वॉर्डन मॅडमनी कालच सहीचं पत्र दिलंय. मावशी, हे तुमच्यामुळे झालं, तुम्हाला ती कधी मिळाली नाही म्हणून आम्ही अर्ज केला.

आता गिफ्ट. इरकल साडी आहे, रंग ताईंना विचारून घेतलाय, आवडला नाही तर पावती आत ठेवलीये. पाकिटात सगळ्यांनी मिळून काढलेली वर्गणी आहे, ती गुडघ्याच्या ट्रीटमेंटसाठी, नातवाला सायकल घ्यायला नाही. उद्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, खिडकीची सीट मिळालीये. स्टेशनवर सोडायला आम्ही सहा जणी येतोय, बॅगा आम्ही उचलणार, तुमचा खलबत्ता सुद्धा. रात्री घरी पोचलात की माझ्या नंबरवर फोन करा, कितीही वाजू देत, मी जागी असते.

चला, आता ताट घ्या. आज शेवभाजी आहे, आम्ही केलीये, शेव वाटीत आधी घातलीये. कशी झालीये ते खरं खरं सांगायचं.