सहावी 'ब' : वर्गातल्या गोंधळाबद्दल

नमस्कार पालकहो,

निरोप जरा लांब आहे. पाळीवर असाल तर सुटल्यावर वाचा, पण पूर्ण वाचा.

गड्ड्याच्या सुट्टीनंतर वर्गाची घडी अजून बसलेली नाही. मधल्या सुट्टीनंतरच्या दोन तासांना तर रोजच गोंधळ. मी फळ्याकडे वळले की मागून बाक वाजायला लागतो, एकाने ताल धरला की चौघे उचलतात. पिपाण्याही निघाल्या दप्तरांतून. सात जमा केल्यात, शनिवारी परत देईन. पिपाणीचं मला एवढं काही वाटत नाही, गड्डा म्हटलं की ती आलीच.

वाईट वाटतं ते नकलेचं. कुणी उत्तर द्यायला उभं राहिलं की त्याच्या बोलण्याची नक्कल होते आणि सगळा वर्ग हसतो. परवा एक मूल फळ्यावर ३/४ + १/८ सोडवत होतं. ३/४ चे ६/८ करून झाले होते, आता फक्त बेरीज उरली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, आणि ते खडू ठेवून जागेवर जाऊन बसलं. गणित बरोबर येत होतं हो! काल विचारलं तर म्हणालं, "नको बाई, इथूनच सांगतो."

चार दिवसांत संपणारे अपूर्णांक आठ दिवस झाले तरी चालूच आहेत.

माझंही चुकलं. मंगळवारी चिडून अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास बंद केला. गप्प बसणाऱ्यांनाही शिक्षा झाली. तो तास या शुक्रवारी भरून देते.

आता विनंती. ग्रुपवर "कोण आहे ते सांगा" असं कृपया कुणी विचारू नये, आणि अंदाजानेही नाव टाकू नये. मी सांगणार नाही. नक्कल करणारे रोज तेच नसतात, आणि काल हसणारा आज रडलेला मी पाहिलाय. ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांना मी स्वतः फोन करीन. फोन आला म्हणजे तक्रारच, असं समजू नका आणि मुलाला मारू तर मुळीच नका. घरी मार बसतो हे कळलं तर उद्यापासून मुलं मला काही सांगणार नाहीत.

आज जेवताना एवढंच विचारा, "वर्गात कुणाला हसतात का? तू हसतोस का?" मराठी, तेलुगू, कन्नड, घरात जी भाषा असेल तिच्यात. उत्तर लगेच आलं नाही तर सोडून द्या, दोन दिवसांनी परत विचारा.

मीही सोमवारपासून जागा बदलतेय. दर आठवड्याला रांगा फिरतील. डोळ्यांचा किंवा ऐकण्याचा त्रास असणाऱ्यांना पुढेच ठेवीन, तसं असेल तर मला वेगळा मेसेज करा.

भेटायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गातच आहे. फोन संध्याकाळी सहा ते सात. टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालेल, फक्त ग्रुपवर नको.

आणि उद्या पाण्याची बाटली भरून द्या, ऊन आत्तापासूनच चटकायला लागलंय.

– वर्गशिक्षिका, सहावी 'ब'