काउंटरवर आणि फोनवर कसं बोलायचं: रिसेप्शन, हॉल आणि रूम सर्व्हिससाठी

फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचला. "हॅलो, कोण?" म्हणायचं नाही. बोर्डावर आहे तसं हॉटेलचं पूर्ण नाव, मग स्वतःचं: "नमस्कार, रिसेप्शनवरून सविता बोलतेय. बोला, काय मदत करू?" समोरचा हिंदीत बोलला तर हिंदीत बोला. आपल्या संभाजीनगरात अर्धे फोन हिंदीतच येतात. "मराठीत बोला ना" हे काउंटरवरून कधीच ऐकू येता कामा नये.

समोरून नमस्कार येईल तसाच परत द्यायचा. राम राम आला तर राम राम, जय भीम आला तर जय भीम, सलाम आला तर सलाम. पैठणच्या वारीला निघालेले "जय हरी" म्हणतात, तर "जय हरी माउली, या बसा, पाणी घ्या." पाणी आधी, रजिस्टर नंतर. उन्हाळ्यात लातूर-नांदेडहून गाडी चालवत आलेल्या माणसापुढे आधार कार्डाची मागणी पहिली येऊ नये.

"मावशी", "काका" जपून वापरा. चाळिशीच्या बाईला मावशी म्हटलं की चेहरा उतरतो. "ताई" आणि "साहेब" सगळीकडे चालतं. "ओ शुक शुक" तर अजिबात नको.

आता बुकिंग. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेबाराला एका गृहस्थांचा फोन आला, "उद्या दोन रूम ठेवा." मीच घेतला होता. बारा वाजून गेले होते, म्हणून मी पुढची तारीख लिहिली. त्यांच्या डोक्यात मात्र सूर्य उगवला की उद्या. ते सकाळी आठला आईला घेऊन दारात उभे, आणि रूम एकही नाही. आजी बॅगेवर बसून राहिल्या. तेव्हापासून आपल्याकडे "उद्या-परवा" लिहायचं नाही. वार आणि तारीख दोन्ही बोलून घ्यायची:

"म्हणजे शुक्रवार, १२ तारीख, दुपारी बारानंतर येणार. दोन डबल रूम, चार मोठे आणि एक लहान. बरोबर ना साहेब? नाव देशमुख लिहितो. याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतो, तेवढं पाहून घ्या."

म्हातारं माणूस सोबत असेल तर न विचारताच सांगा: "खालच्या मजल्यावरची रूम देऊ का?" वेरूळ-अजिंठ्यासाठी येत असतील तर हेही सांगायचं: "वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी." एवढ्या एका वाक्यासाठी लोक नाव लक्षात ठेवतात.

रूम नसेल तर नुसतं "फुल्ल आहे" म्हणून फोन ठेवू नका. "शनिवारी जागा नाही साहेब, रविवारी आहे. कुणी रद्द केलं तर फोन करू का?" आणि ते हो म्हणाले तर खरंच करा.

टेबल बुकिंगला: "आठ जण, रात्री साडेआठ. जैन किंवा उपवासाचं कुणी आहे का? टेबल नऊपर्यंत धरून ठेवतो, उशीर होणार असेल तर एक फोन करा."

"अमुक साहेब कोणत्या रूममध्ये आहेत?" असं कुणीही विचारलं, अगदी "मी सख्खा भाऊ" म्हटलं, तरी नंबर द्यायचा नाही. "रूम नंबर सांगता येत नाही दादा, निरोप द्या, ते इथे असतील तर पोहोचवतो." ते तिथे राहतात की नाही हेही बोलायचं नाही.

तक्रार आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "त्रास झाला, माफ करा." "पण" त्यानंतर नको. सोलरचं पाणी गार निघालं, तर "ढग होते" हे पाहुण्याला का ऐकवायचं? "दहा मिनिटांत दोन बादल्या गरम पाणी वर पाठवतो." दहा म्हटलं तर दहा. वीस लागणार असतील तर वीसच सांगा.

भाजी तिखट झाली: "बदलून आणतो, कमी तिखट. तोवर दही ठेवतो." आपलं काळं तिखट पुण्या-मुंबईच्या माणसाला झेपत नाही, त्यात त्याची चूक नाही. जेवणात केस निघाला तर वाद घालायचा नाही. ताट उचला, कॅप्टनला बोलवा, त्या पदार्थाचे पैसे बिलातून काढा.

बिलावरून आवाज चढला तर तुमचा उतरवा: "बसा साहेब, एकेक ओळ सोबत बघू." सर्व्हिस चार्ज आपण लावत नाही. तो आपोआप बिलात घालायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, अडवूही नका: "जरूर करा. आधी मॅनेजरशी बोलून घेता का?"

प्रत्येक तक्रार लाल वहीत, वेळ आणि रूम नंबर टाकून. ड्यूटी बदलताना वही तोंडाने वाचून द्यायची. २०४ चा गीझर गेल्या आठवड्यात तीन पाहुण्यांनी तीनदा सांगितला, आणि वहीत तो एकदाच आहे.