दहावीच्या निकालाचा आलेख: पालकसभेतलं मुख्याध्यापकांचं बोलणं

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात ते पुढं या, सतरंजीवर जागा आहे. हा तक्ता तिथून दिसायचा नाही.

आधी एक कबुली देतो. फाटकावर निकालाचा फ्लेक्स लावलाय. त्यात यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या दीडपट उंच दिसतो. गेल्या वर्षी ९४ टक्के पास, यंदा ९६.२५. सव्वादोन टक्क्यांचा फरक दीडपट कसा दिसला? तर आलेख शून्यापासून नाही, ९० पासून सुरू केलाय. सातवीच्या पोरानं असा स्तंभालेख काढला तर मी त्याचे गुण कापतो.

आता हा फळ्यावरचा बघा, शून्यापासूनचा. निळा खांब गेल्या वर्षीचा, लाल यंदाचा. प्रावीण्यात, म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर, गेल्या वर्षी २० मुलं होती, यंदा २४. लाल खांब उंच आहे. पण टाळ्या थांबवा. कुणी म्हणालं, माझा ऊस शंभर टन गेला, तर तुम्ही लगेच विचारता, किती एकरात? तसंच विचारा. गेल्या वर्षी बसली ५० मुलं, यंदा तुकडी वाढली म्हणून ८०. पन्नासात वीस म्हणजे ४० टक्के, ऐंशीत चोवीस म्हणजे ३०. उतारा घटलाय.

कुठं घटला, ते या दुसऱ्या आलेखात आहे. प्रत्येक विषयाचा एक खांब. खालचा हिरवा भाग ८० पैकी लेखीचे सरासरी गुण, वरचा पिवळा २० पैकी अंतर्गत. पिवळा सगळीकडं जवळपास सारखाच, अठराच्या आसपास. सारखा असणारच, ते गुण आम्हीच देतो! त्यामुळं बघायचा तो हिरवा. मराठीत ५८, सामाजिक शास्त्रात ५५, गणितात ३७. नववीतच गणित कच्चं राहिलंय. मोठ्या तुकडीला एकच गणित शिक्षक दिला, ती चूक माझी.

नापासाचे दोन्ही खांब सारखेच, तीन-तीन. त्या तीन मुलांचे आईवडील इथं असतील तर नावं विचारणार नाही. सभा संपल्यावर ऑफिसात या. तिघांचाही एकेकच विषय राहिलाय, एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचा आहे, तारीख चुकवू नका. आणि घरी पोराला टोचून बोलू नका, एवढं ऐका.

नववी-दहावीला सोमवार आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर तासभर गणित घेणार आहोत, फी नाही. वस्तीवरच्या मुलींना उशीर होईल, त्यांना घरी सोडायचं कसं ते आत्ताच ठरवू. बोला.

आणि हो, फ्लेक्स उद्या उतरवतोय. कडब्याच्या गंजीवर टाकायला कुणाला हवा असेल तर शिपाईमामांना सांगून ठेवा.